आभार न मानणाऱ्या पत्राचं इंग्रजी

लग्नानंतर आभाराचं जे मराठी पत्र निघतं ते बहुतेक घरांत एकच असतं आणि सगळ्यांना जातं. देवदर्शन, सत्यनारायण, गोंधळ उरकला की घरातलं कुणीतरी वडीलधारं माणूस ते लिहायला बसतं, कुणी छापून घेतं, कुणी मोबाइलवरून पाठवतं. आलेल्यांना तेच, न आलेल्यांनाही तेच, फक्त न येण्याबद्दलचं एखादं वाक्य जास्त. अडचण येते ती यादीतल्या थोड्या नावांपाशी. वडिलांचे इंग्लंडमधले जुने सहकारी, नवऱ्या मुलीची तिकडची मैत्रीण, अमेरिकेत वाढलेला आणि मराठी समजणारा पण वाचता न येणारा आतेभाऊ. यांना यायला जमलं नाही, पण यांनी आठवणीने आहेर पाठवला. मग कुणीतरी म्हणतं, ‘‘तेच पत्र इंग्रजीत करून टाक की.’’

‘तेच पत्र’ इंग्रजीत करता येत नाही, आणि त्याचं कारण कठीण शब्दांत नाही. मराठी पत्रात ज्या गोष्टी मुद्दाम गाळलेल्या असतात, नेमक्या त्याच इंग्रजी पत्राला लागतात. हे नीट कळण्यासाठी एक नमुना घेऊ. पुण्यातलं घर आहे, मुलाचं लग्न झालं आहे, पत्र वडिलांनी लिहिलं आहे.

‘सप्रेम नमस्कार. आमचे येथे श्रीकृपेकरून आमच्या चिरंजीवांचा शुभविवाह निर्विघ्नपणे पार पडला. या मंगलप्रसंगी आपण प्रत्यक्ष उपस्थित राहू शकला नाहीत, याची उणीव आम्हां सर्वांस भासली. तरीही आपण आठवणीने पाठवलेला प्रेमाचा आहेर पोहोचला. आभार मानून आपल्याला परके करायचे नाही; आपल्या ऋणात राहणेच आम्हास आवडेल. नवदांपत्यावर आपले आशीर्वाद असेच राहू द्यावेत. कळावे, लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा, ही विनंती. आपले नम्र, समस्त परिवार.’

मराठी माणसाला या पत्रात खोट काढायला जागा नाही. त्यातलं सगळ्यांत मोलाचं वाक्य आहे ते ऋणाचं. आपल्याकडे तोंडावर आभार मानणं हे बाहेरच्या माणसासाठी असतं. भावाने लग्नात चार रात्री जागून काम केलं तर त्याला ‘आभारी आहे’ म्हटलेलं त्यालाच लागेल. म्हणून जवळच्या माणसाला आपण सांगतो की आभार मानून हे खातं मिटवायचं नाही, तुमचं देणं आमच्यावर असू द्या. आभार नाकारणं हाच इथे आभारांचा सर्वांत आपुलकीचा प्रकार आहे.

आता हेच वाक्य शब्दाला शब्द लावून इंग्रजीत न्या: ‘वी डू नॉट वॉन्ट टु थँक यू. वी वुड लाइक टु रिमेन इन युअर डेट.’ इंग्लंडमधल्या त्या गृहस्थांनी हे वाचलं तर पहिल्या वाक्याने ते गोंधळतील आणि दुसऱ्याने अस्वस्थ होतील. त्यांच्याकडे ‘थँक यू’ हे आईलाही म्हणतात, चहाचा कप हातात दिला तरी म्हणतात. ते न म्हणणं जवळिकीची खूण नाही, उलट राहून गेलेली गोष्ट म्हणून डोळ्यांत भरते. ‘डेट’ म्हटलं की पैशाचं देणं आधी आठवतं. आणि आहेर रकमेच्या रूपात आला असेल तर अर्थ फारच विचित्र होतो.

मग हे वाक्य गाळायचं का? गाळलं तर पत्राचा प्राण गेला. त्यामागचा हेतू ओळखायचा. वडिलांना सांगायचं आहे की तुम्ही आमचे आहात, आणि तुमचं हे देणं आम्ही विसरणार नाही. इंग्रजी पत्रात हाच हेतू दुसऱ्या रस्त्याने साधला जातो, आणि तो रस्ता म्हणजे तपशील. काय मिळालं त्याचं नाव घ्यायचं, ते घरात कुठे आहे, कोण वापरतं, हे सांगायचं. तुमची वस्तू आमच्या रोजच्या जगण्यात शिरली आहे हे दाखवणं, ही तिकडची ऋण मान्य करण्याची पद्धत आहे. अमेरिकेत शिष्टाचारावरचं प्रमाण मानलं गेलेलं पुस्तक एमिली पोस्ट यांनी १९२२ मध्ये लिहिलं. त्यांच्या नावाने चालणारी संस्था आजही सांगते की आभाराची चिठ्ठी प्रत्येक भेटीसाठी वेगळी असावी आणि भेट मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत जावी. सगळ्यांना एकच छापील मजकूर पाठवला तर तिकडच्या माणसाला तो आभारापेक्षा पोच मिळाल्यासारखा वाटतो.

आपल्या पत्रात मात्र वस्तूचं नाव कुठेच नाही. ‘प्रेमाचा आहेर पोहोचला’ एवढंच आहे. हाही संकोच आपल्या रीतीला धरून आहे. कुणी काय दिलं याचा उच्चार करणं म्हणजे त्याची किंमत करणं, म्हणून तो टाळायचा. लग्नपत्रिकेवरही ‘कृपया आहेर आणू नयेत’ असं छापतात. तरीही मांडवाच्या दाराशी घरातलं कुणी विश्वासाचं माणूस वही घेऊन बसलेलं असतं आणि कुणी काय दिलं त्याची नोंद करत असतं. कारण उद्या त्यांच्या घरचं कार्य निघालं की त्याच तोलाचं आपल्याकडून जायला हवं. म्हणजे नाव लक्षात ठेवायचं, पण पत्रात आणायचं नाही.

म्हणून हा अनुवाद नुसतं पत्र समोर ठेवून होत नाही. अनुवाद करणाऱ्याला ती वही मागून घ्यावी लागते, आणि वहीही पुरत नाही, कारण तिच्यात ‘ब्लँकेट, १’ एवढंच असतं. घरच्यांना विचारावं लागतं. नेमकी वस्तू कशी आहे? ती सध्या कुठे आहे, कोण वापरतं? पाठवणाऱ्याशी कुणाचं काय नातं आहे, ते एकमेकांना काय म्हणून हाक मारतात? ते का येऊ शकले नाहीत, आणि ते कारण त्यांनी स्वतः कळवलं आहे की आपल्याला दुसऱ्याकडून समजलं? या चार प्रश्नांची उत्तरं मिळाली की पत्र जवळजवळ तयार होतं. ती न मिळाल्यास कितीही चांगलं इंग्रजी येत असलं तरी पत्र कोरडंच राहतं.

आपल्या नमुन्यात समजा उत्तरं अशी मिळाली. लीड्सहून आलेली वस्तू म्हणजे निळ्या रंगाचं लोकरीचं जाड ब्लँकेट. लग्न डिसेंबरातलं. पुण्यात त्या दिवसांत रात्री चांगलीच थंडी पडते, त्यामुळे नव्या जोडप्याने ते पहिल्याच आठवड्यात काढलं. पाठवणारे वडिलांचे जुने सहकारी, तीस वर्षांपूर्वी दोघांनी पुण्यात एकत्र काम केलं होतं आणि दोघं एकमेकांना पहिल्या नावानेच हाक मारतात. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यामुळे त्यांना प्रवास जमला नाही, हे त्यांनी स्वतःच पत्रात लिहिलं होतं.

या शेवटच्या उत्तरामुळे न येण्याबद्दलचं वाक्य सुटतं. पत्रातली सर्वांत घसरडी जागा तीच आहे. ‘उपस्थित राहू शकला नाहीत’ याचं इंग्रजी महाराष्ट्रात हमखास ‘कुड नॉट रिमेन प्रेझेंट’ असं होतं. आपल्या कचेऱ्यांत आणि निमंत्रणांत हा प्रयोग इतका रुळला आहे की तो खटकतही नाही. पण बाहेरच्या इंग्रजी वाचकाला ‘रिमेन’ म्हणजे थांबून राहणं. त्याला वाटेल, आपण आलो होतो आणि मधेच उठून गेलो, असा यांचा समज झाला आहे की काय. साधं ‘कुड नॉट कम’ किंवा ‘कुड नॉट बी देअर’ पुरतं.

त्यापुढचं ‘उणीव भासली’ हे आणखी नाजूक. ‘युअर अॅबसेन्स वॉज फेल्ट’ व्याकरणाने बरोबर आहे, पण त्यात बोट दाखवल्याची छटा येते. शाळेत गैरहजेरी लागल्यासारखं वाटतं. मराठीत उणीव ही समारंभात राहिली, ती आपल्याकडची. इंग्रजीत अॅबसेन्स हा त्या माणसाचा. म्हणून वाक्याचा कर्ता बदलायचा आणि ‘वी मिस्ड यू’ म्हणायचं. मग हुरहूर आपल्याकडे येते आणि त्याच्यावर काही ठपका राहत नाही. त्याने कारण स्वतः कळवलं असेल तर पुढे त्याची एका वाक्यात विचारपूस करावी. कळवलं नसेल तर कारणाचा विषयच काढू नये. कुणाला व्हिसा मिळाला नसेल, कुणाला तिकीट परवडलं नसेल, कुणाच्या घरी काही चालू असेल. ‘काही अपरिहार्य कारणांमुळे’ हा आपला सभ्य पडदाही इंग्रजीत नेऊ नये, कारण तिकडे तो पडदा वाटत नाही, त्याच्यामागे काहीतरी आहे एवढंच उघड होतं.

न आलेल्यांना लग्नाचं थोडं काही तरी द्यावं असं मला मनापासून वाटतं, आणि मराठी पत्रात नेमकं तेच नसतं. ‘निर्विघ्नपणे पार पडला’ हे आपल्याला पुरेसं बोलतं. मुहूर्त चुकला नाही, पाऊस आला नाही, रुसवेफुगवे झाले नाहीत, एवढं सगळं त्यात आलं. ‘विदाउट एनी ऑब्स्टॅकल’ असं इंग्रजीत लिहिलं तर मात्र कोणता अडथळा येणार होता, असा प्रश्न पडेल. त्याऐवजी त्या माणसाशी जोडलेला एक प्रसंग सांगावा. इथे वडिलांनी जेवणाच्या पंगतीत या मित्राची आणि त्यांच्या पहिल्या मिसळीची गोष्ट पाहुण्यांना सांगितली होती. ती एका ओळीत लिहिली की लीड्समध्ये बसलेल्या माणसाला कळतं, आपलं नाव तिथे निघालं होतं. ‘उणीव भासली’ म्हणताना वडिलांना हेच म्हणायचं होतं. प्रसंग मात्र एकच पुरे. जेवणाचे पदार्थ, हॉल, सजावट, किती माणसं आली, हे सगळं लिहीत गेलं की न येऊ शकलेल्याला आपण काय गमावलं याचीच यादी हातात येते.

एक छोटी पण वारंवार होणारी गल्लत सांगून पुढे जातो. आपल्याकडे लग्न म्हणजे सोहळाही आणि संसारही. इंग्रजीत सोहळा तो ‘वेडिंग’ आणि संसार तो ‘मॅरेज’. ‘वी मिस्ड यू अॅट अवर मॅरेज’ लिहिलं की वाक्य अडखळतं. सोहळ्याबद्दल बोलताना प्रत्येक ठिकाणी ‘वेडिंग’ आहे का, हे एकदा बोट ठेवून पाहावं.

आता पत्र कुणी लिहायचं हा प्रश्न. मराठी पत्र आईवडिलांचं असतं, कारण कार्य त्यांनी काढलेलं, निमंत्रक ते, आहेरही घराण्याला आलेला. इंग्रजी रीतीत भेट त्या दोघांना दिलेली असते आणि आभारही त्या दोघांनीच मानायचे असतात. ‘समस्त परिवार’ अशी सही पाहून पाठवणाऱ्याला प्रश्न पडतो की मुलांना भेट मिळाली तरी का. म्हणून पत्र नवराबायकोच्या तोंडी घालावं आणि खाली दोघांची पहिली नावं यावीत. ‘नवदांपत्यावर’ हा उल्लेख मग आपोआप जातो, कारण स्वतःला कुणी ‘न्यूली वेडेड कपल’ म्हणत नाही. वडिलांची मैत्री मोठी असेल तर त्यांनी खाली स्वतःच्या हाताने, स्वतःच्या भाषेत दोन ओळी लिहाव्यात. त्यांचं इंग्रजी मोडकं असलं तरी त्या ओळी दुरुस्त करू नयेत; मित्राला तीस वर्षांपासून तेच इंग्रजी ओळखीचं आहे.

नावांच्या आधी ‘चि.’ आणि ‘चि. सौ. कां.’ रोमन लिपीत टाकलेले मी इंग्रजी पत्रिकांवर पाहिले आहेत. परदेशी वाचक त्याला नावाचंच आद्याक्षर समजतो आणि उत्तराच्या पाकिटावर तेच लिहून पाठवतो. ही संबोधनं सरळ काढून टाकावीत.

राहिले आशीर्वाद आणि लोभ. आशीर्वाद मागणं हे आपल्याकडे वाकून नमस्कार करण्याचं शब्दरूप आहे. इंग्रजीत ‘प्लीज कीप ब्लेसिंग अस’ म्हटलं की ते धार्मिक वळणाला जातं आणि धर्म न मानणाऱ्या माणसाला अवघडल्यासारखं होतं. वयाने मोठ्या पण परक्या संस्कृतीतल्या माणसासाठी ‘गुड विशेस’ बरं. मराठी नातेवाइकांना मात्र ‘ब्लेसिंग्ज’ खुशाल लिहावं, त्यांना त्यामागचा नमस्कार दिसतो. ‘लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा’ याचं भाषांतर मी करत नाही. त्यात पुढेही संबंध राहावा ही इच्छा आहे, आणि इंग्रजी पत्रात तिची जागा पुढच्या भेटीच्या खऱ्या निमंत्रणाला असते. खऱ्या म्हणजे आपण ज्याची तयारी ठेवू अशा. ‘या कधीतरी’ हे आपल्याकडे प्रेमाचं निरोपवाक्य आहे. ‘कम अँड स्टे विथ अस’ वाचून लीड्सचा माणूस तारखा विचारू शकतो.

एवढं झाल्यावर पत्र असं उभं राहतं. देवनागरीत लिहितो, म्हणजे मोठ्याने वाचून ऐकता येईल. संबोधनात ‘डिअर’नंतर मित्राचं आणि त्यांच्या पत्नीचं पहिलं नाव. मग:

‘थँक यू सो मच फॉर द ब्यूटिफुल ब्लू ब्लँकेट. डिसेंबर नाइट्स इन पुणे आर कोल्डर दॅन पीपल थिंक, अँड इट हॅज बीन ऑन अवर बेड सिन्स द वीक ऑफ द वेडिंग. वी मिस्ड यू बोथ. अॅट डिनर माय फादर टोल्ड एव्हरीवन अबाउट युअर फर्स्ट मिसळ, अँड द होल टेबल लाफ्ड. वी होप द नी इज हीलिंग वेल. व्हेन यू आर रेडी टु ट्रॅव्हल अगेन, प्लीज कम अँड स्टे विथ अस. युअर ब्लँकेट विल बी वेटिंग. विथ लव्ह,’ आणि खाली दोन नावं.

मूळ पत्राशी ताडून पाहिलं तर एकही वाक्य जागच्या जागी नाही. ‘श्रीकृपेकरून’ गेलं, ‘मंगलप्रसंगी’ गेलं. ऋणाचं वाक्य ब्लँकेटच्या दोन उल्लेखांत वाटलं गेलं आहे, उणीव मिसळीच्या गोष्टीत आहे, लोभ निमंत्रणात आहे. वडिलांना हे वाचून दाखवताना मात्र काळजी घ्यावी. त्यांना पहिल्यांदा ते फार मोकळं, काहीसं पोरकट वाटतं, आणि ते साहजिक आहे, कारण त्यांच्या पत्रातला सगळा भारदस्तपणा त्यात नाही. म्हणून त्यांच्या प्रत्येक वाक्याचं काय झालं ते त्यांना समोर दाखवावं. मग ते सहसा एखादा बदल सुचवतात, आणि मित्राला तेच जास्त ओळखत असल्याने तो बदल बहुधा योग्य असतो.

कधी तपशीलच गैरसोयीचा असतो. वस्तू अजून खोक्यातून काढलेली नसेल तर ‘रोज वापरतो’ असं लिहू नये. कशासाठी वापरणार आहोत ते लिहावं. आवडली नसेल तर पाठवणाऱ्याने ती निवडताना जे लक्षात ठेवलं त्याबद्दल लिहावं. दुकानातून थेट आलेली काचेची वस्तू फुटून पोहोचली असेल तर दुकानाशी बोलून ती बदलून घ्यावी आणि पत्रात फक्त वस्तूचे आभार मानावेत. पार्सलात पाठवणाऱ्याचं नावच नसेल तर मात्र अंदाजाने पत्र पाठवू नये, आधी खोक्यावरच्या चिठ्ठीवरून किंवा दुकानाकडून नाव काढावं.

अमेरिकेतल्या आतेभावाचं पत्र वेगळं होईल. त्याने बँकेत रक्कम पाठवली आहे. इंग्रजी चिठ्ठीत सहसा आकडा लिहीत नाहीत. ‘युअर जेनरस गिफ्ट’ म्हणतात आणि त्याचं काय केलं किंवा करणार ते सांगतात. इथे वस्तूच्या नावाची जागा त्या उपयोगाने भरून काढावी लागते: स्वयंपाकघरातला फ्रिज त्यातून घेतला, किंवा कोकणातल्या पहिल्या प्रवासासाठी पैसे बाजूला ठेवले. ‘घरखर्चाला उपयोगी पडले’ हे खरं असलं तरी त्यातून देणाऱ्याच्या मनात चित्र उभं राहत नाही. नातं इथे मराठीच ठेवावं. तो दादा असेल तर ‘डिअर’नंतर नाव आणि ‘दादा’, आत्याचा उल्लेख ‘आत्या’ म्हणूनच. त्या घरात सगळं इंग्रजीत चाललं तरी ही हाक बदललेली नसते, आणि तिच्या जागी ‘कझिन’ आणि ‘आँट’ घातलं तर पत्र दुसऱ्याच कुणाचं वाटतं.

त्याच घरी आत्यासुद्धा राहते, आणि तिला मराठी पत्रच हवं असतं. अशा वेळी एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला त्याचं इंग्रजी, असं कार्ड करण्याचा मोह होतो. तसं केलं की दोन्ही मजकूर एकमेकांना बांधले जातात. इंग्रजी जड होतं आणि मराठी ओशाळवाणं. त्यापेक्षा एकाच पाकिटात दोन पत्रं घालावीत. आत्याला आईवडिलांकडून, ‘ती. ताईस, शिरसाष्टांग नमस्कार’ अशा मायन्याचं, ऋणाच्या वाक्यासकट. दादाला त्या दोघांकडून, फ्रिजचं. आत्या दोन्ही वाचेल आणि दादाला पहिलं वाचून दाखवेल, तेव्हा त्याला समजावून सांगण्याचं काम तिच्यावर सोपवता येतं.